लांब पीएफएन आणि सी-आर्म: नळी कोणत्या बाजूला, आपण कोणत्या बाजूला

ट्रॅक्शन टेबलावर मांडीच्या हाडाचा लांब पीएफएन बसवणे हे सी-आर्मचा भरपूर वापर करणाऱ्या नेहमीच्या शस्त्रक्रियांपैकी एक आहे. खुब्याचा भाग जाड असल्याने यंत्राला जास्त किरण सोडावे लागतात, लॅटरलसाठी झोत आडवा करावा लागतो आणि शेवटी दूरच्या टोकाचे लॉकिंग हाताने, भोक शोधून करावे लागते. किरण-सुरक्षेच्या बहुतेक अडचणी या एकाच शस्त्रक्रियेत भेटतात, म्हणून हा लेख तिच्याच क्रमाने पुढे जातो. उदाहरण म्हणून उजव्या बाजूचे, ट्रोकॅन्टरच्या खालपर्यंत गेलेले फ्रॅक्चर असलेली साधारण सत्तर किलो वजनाची रुग्ण धरू. सर्जन व सहाय्यक उजवीकडे उभे आहेत, सिस्टर त्यांच्या मागे ट्रॉलीपाशी आहेत, भूलतज्ज्ञ डोक्याकडे आहेत आणि सी-आर्म डावीकडून, दोन पायांच्या मधून आत आलेला आहे.

किरण येतात कुठून

सी-आर्मच्या एका टोकाला किरण निर्माण करणारी नळी असते आणि दुसऱ्या टोकाला चित्र घेणारा डिटेक्टर असतो, ज्याला जुन्या यंत्रांच्या सवयीने आपण अजूनही आयआय म्हणतो. नळीतून निघणारा मुख्य झोत अरुंद असतो आणि हात मध्ये न आणल्यास तो सर्जनला लागत नाही. सर्जन, सहाय्यक आणि सिस्टर यांना जे किरण मिळतात ते जवळजवळ सगळे रुग्णाच्या शरीराला धडकून चहूकडे विखुरलेले असतात. म्हणजे पडदा चालू असेपर्यंत आपल्यासाठी किरणांचा स्रोत रुग्णाचा खुबा असतो आणि अंतर त्या खुब्यापासून मोजायचे असते, यंत्रापासून नव्हे.

हे विखुरलेले किरण सगळ्या दिशांना सारखे जात नाहीत, आणि पुढचा सगळा लेख याच गोष्टीवर उभा आहे. झोत शरीरात ज्या बाजूने शिरतो तिथे तो सर्वांत तीव्र असतो आणि तिथून उलट फिरलेल्या किरणांना फारसे मांस ओलांडावे लागत नाही. झोत शरीर ओलांडून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो तेव्हा खुब्यासारख्या जाड भागात त्याचा शंभरातला एक-दोन भागच उरलेला असतो. साहजिकच नळीच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला डिटेक्टरच्या बाजूच्या माणसापेक्षा कितीतरी अधिक किरण मिळतात. एपीमध्ये नळी टेबलाखाली ठेवायची ती यासाठीच. त्यामुळे सर्वांत तीव्र विखुरण जमिनीकडे व पायांकडे जाते आणि चेहरा, डोळे व गळा डिटेक्टरच्या बाजूला राहतात. नळी वर आणि डिटेक्टर खाली असे उलटे यंत्र लावले की तेच विखुरण थेट चेहऱ्यावर येते. चित्र दोन्ही प्रकारांत सारखेच दिसते, त्यामुळे पडद्याकडे पाहून ही चूक कळत नाही. यंत्राकडे पाहूनच ती ओळखावी लागते.

आकड्यांत मांडलेले एक उदाहरण

आपल्या रुग्णाच्या खुब्यावर एपी पाहताना त्वचेवर मिनिटाला २० मिलिग्रे पडतात असे हिशेबासाठी धरू. रुग्णापासून एक मीटरवर विखुरलेले किरण साधारणपणे त्वचेवर पडणाऱ्या किरणांच्या हजाराव्या भागाइतके असतात, हा या क्षेत्रातला जुना आणि उपयोगी ठोकताळा आहे. त्यानुसार एक मीटरवर मिनिटाला २० मायक्रोग्रे मिळतील. अंतर निम्मे केले की ते चौपट होते, म्हणजे अर्ध्या मीटरवर ८०. अंतर दुप्पट केले की ते चौथ्या भागावर येते, म्हणजे दोन मीटरवर ५. अर्ध्या मीटरवर उभ्या असलेल्या सहाय्यकाने दीड मीटर मागे होणे म्हणजे त्याला मिळणारे किरण सोळाव्या भागावर आणणे. जवळपास एवढाच फरक शिशाचा अ‍ॅप्रनही पाडतो, पण मागे सरकायला पैसे पडत नाहीत.

आता डोळ्यांचा विचार करू. सर्जनचे डोळे खुब्यापासून साधारण सत्तर सेंटिमीटरवर असतात. तिथे मिनिटाला सुमारे ४० मायक्रोग्रे मिळतात. पडदा एकूण दोन मिनिटे चालला तर एका शस्त्रक्रियेत सुमारे ८० होतात. अशा अडीचशे शस्त्रक्रिया वर्षाला केल्या तर डोळ्यांना २० मिलिसीव्हर्ट मिळतात. डोळ्याच्या भिंगासाठी आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ साली सुचवलेली वार्षिक सरासरी मर्यादा नेमकी तेवढीच आहे. हा हिशेब मुद्दाम थोडा वरच्या बाजूने केला आहे, परंतु अ‍ॅप्रनची डोळ्यांना कसलीही मदत होत नाही हे त्यातून स्पष्ट होते. आयोगाने ही मर्यादा त्याआधीच्या १५० वरून इतकी खाली आणली, कारण मोतीबिंदू पूर्वी समजले जात होते त्यापेक्षा बऱ्याच कमी, म्हणजे अर्ध्या ग्रेच्या आसपासच्या एकूण मात्रेनंतरही दिसतो असे आढळले.

रुग्णाच्या त्वचेवर याच दोन मिनिटांत ४० मिलिग्रे पडतील. त्वचा लाल होण्याची शक्यता सुमारे २ ग्रेनंतर, म्हणजे याच्या पन्नास पट मात्रेनंतर सुरू होते. रुग्ण इथे एकदा येतो आणि आपण रोज उभे राहतो, त्यामुळे अस्थिरोग विभागात दीर्घकाळाची जोखीम प्रामुख्याने कर्मचाऱ्यांची असते. सुदैवाने रुग्णाची मात्रा कमी करणारा प्रत्येक उपाय आपलीही कमी करतो.

पहिली पायरी: ड्रेपिंगच्या आधी यंत्राचा सराव

रुग्ण टेबलावर आल्यावर, पण निर्जंतुक कापडे घालण्याआधी, सी-आर्म एपीमधून लॅटरलमध्ये आणि परत एपीमध्ये एकदा फिरवून पाहावा. फ्रॅक्चर जुळवणे बाहेरूनच ट्रॅक्शनवर होणार असेल तर हे काम तसेही करायचे असते. या वेळी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे चाकांची जागा. एपीत खुबा पडद्याच्या मध्यभागी आला की चाकांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात. लॅटरलसाठी यंत्र हलवावे लागत असेल तर त्याही जागेवर वेगळ्या रंगाच्या पट्टीने खूण करावी आणि कमानीचे कोन टेक्निशियनने लिहून ठेवावेत. लॅटरलचा झोत मानेच्या पुढे झुकलेल्या कोनाशी जुळवण्यासाठी दहा-पंधरा अंश कलवावा लागतो, तो कोनही इथेच ठरतो. एरवी प्रत्येक वेळी जागा शोधण्यासाठी तीन-चार वाया जाणारे शॉट घेतले जातात आणि शस्त्रक्रियेच्या एकूण वेळेत त्यांचा वाटा फार मोठा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्द. ‘थोडं इकडे घ्या’ या वाक्याचा अर्थ सर्जनच्या आणि टेक्निशियनच्या बाजूने वेगवेगळा होतो. म्हणून दिशा रुग्णाच्या शरीरावरून ठरवाव्यात: डोक्याकडे, पायाकडे, सर्जनकडे, भिंतीकडे. किती सरकवायचे तेही सेंटिमीटरमध्ये सांगावे. किरण सोडण्यासाठी एकच शब्द असावा आणि तो एकाच माणसाने उच्चारावा. सहाय्यकानेही मधूनच ‘शूट’ म्हणायची सवय असेल तर ती बंद करावी, कारण टेक्निशियन आवाज ओळखण्याच्या आत बटण दाबून मोकळा होतो आणि त्या क्षणी कुणाचा तरी हात आत असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे मॉनिटर. तो सर्जनच्या अगदी समोर, रुग्णाच्या पलीकडे असावा. मॉनिटर बाजूला असला की सर्जन मान वळवून पाहतो, शिशाच्या चष्म्याची काच खुब्यापासून दूर वळते आणि खालून-बाजूने येणारे किरण काच आणि गाल यांच्यामधल्या फटीतून डोळ्यात जातात. महागडा चष्मा घालूनही संरक्षण न मिळण्याचे हे एक मोठे कारण आहे. चष्मा बाजूचे संरक्षण असलेला आणि चेहऱ्याला नीट बसणारा असावा.

दुसरी पायरी: यंत्राची मांडणी

डिटेक्टर रुग्णाच्या जितका जवळ आणि नळी जितकी दूर, तितके चांगले. नळीपासून डिटेक्टरपर्यंतचे अंतर यंत्रातच ठरलेले, साधारण एक मीटरचे असते. त्यामुळे टेबल वर घेतले किंवा यंत्र खाली आणले की डिटेक्टर आपोआप जवळ येतो आणि नळी लांब जाते. डिटेक्टर रुग्णापासून दोन वीत वर राहिला तर चित्र विनाकारण मोठे व थोडे अस्पष्ट दिसते, रुग्णाच्या त्वचेवर जास्त किरण पडतात आणि डिटेक्टर जवळ असताना तो स्वतःच जे विखुरण अडवतो तेही मोकळे सुटते. नेल मारताना वर जागा लागते हे खरे आहे. त्या वेळी यंत्र वर घ्यावे आणि काम झाले की परत खाली आणावे.

त्यानंतर झोत दोन्ही बाजूंनी आवळून घ्यावा, म्हणजे कॉलिमेटरची पाती आत घ्यावीत. आपल्याला हाडाचे डोके, मान आणि ट्रोकॅन्टर पाहायचे असते. ओटीपोटाचा अर्धा भाग पडद्यावर असण्याचे कारण नसते. झोताचे क्षेत्र निम्मे केले की विखुरणही जवळपास निम्मे होते, शिवाय चित्रातला करडेपणा कमी होऊन डोक्याची कड अधिक स्पष्ट दिसते. बऱ्याच यंत्रांवर शेवटच्या थांबलेल्या चित्रावरच पात्यांच्या रेषा हलवून पाहता येतात, त्यासाठी नव्याने किरण सोडावे लागत नाहीत.

मॅग्निफिकेशनचे बटण या शस्त्रक्रियेत क्वचितच लागते. आयआयच्या यंत्रात ते दाबले की उजेड टिकवण्यासाठी यंत्र किरण वाढवते. पल्स असलेल्या यंत्रावर सेकंदाला पंचवीसऐवजी आठ किंवा चार पल्स ठेवाव्यात. यंत्र प्रत्येक पल्स थोडी जोरकस करते, त्यामुळे आठ पल्सवर मात्रा बरोबर एक-तृतीयांश होईलच असे नाही, तरीही बचत मोठी असते. गाइड वायर कुठे आहे हे पाहण्यासाठी एक थांबलेले चित्र पुरते. हलती प्रतिमा फक्त ट्रॅक्शनवर हाड जुळवताना आणि तीही एक-दोन सेकंदांसाठी लागते.

यंत्रावर किलोव्होल्टचा आकडा दिसतो, तो टेक्निशियनने लक्षात ठेवावा. याच रुग्णात याच जागेवर सुरुवातीला पंचाहत्तर-ऐंशी दाखवणारा आकडा अचानक पंचाण्णवच्या पुढे गेला तर झोतात काहीतरी आले आहे असे समजावे. ते टेबलाचा धातूचा खांब असेल, रिट्रॅक्टर असेल किंवा कुणाचा हातमोजा घातलेला हात असेल. यंत्राला आत काय आले ते कळत नाही. चित्र गडद झाले एवढेच त्याला दिसते आणि ते किरण वाढवते. शिशाचा पातळ हातमोजा घालून हात झोतात ठेवण्याचा घात इथेच होतो: मोजा जेवढे अडवतो, त्याची बरीच भरपाई यंत्र किरण वाढवून करते आणि बाकी सगळ्यांना जास्तीचे विखुरण मिळते.

तिसरी पायरी: लॅटरल, जिथे सर्वांत जास्त चुकते

यंत्र डावीकडून आलेले आहे, एपीत नळी खाली आणि डिटेक्टर वर आहे. आता टेक्निशियन कमान रुग्णाच्या खालून फिरवतो. कमानीचा मधला भाग डावीकडून खाली जातो, तेव्हा खाली असलेली नळी उजवीकडे, म्हणजे सर्जनकडे वर येते आणि वर असलेला डिटेक्टर डावीकडे, दोन पायांच्या मध्ये जातो. म्हणजे एपीसाठी अगदी योग्य असलेली मांडणी लॅटरलमध्ये आपल्याला नळीच्या बाजूला उभे करते. सर्जन ज्या ठिकाणी छेद घेऊन गाइड वायर धरून उभा आहे, नेमक्या त्याच ठिकाणी झोत शरीरात शिरतो.

लॅटरलमध्ये त्वचेवर मिनिटाला ३० मिलिग्रे धरले आणि सर्जनने स्लीव्ह धरून सहा सेकंद पडदा चालू ठेवला, तर मुख्य झोतात आलेल्या बोटांना सुमारे ३ मिलिग्रे मिळतात. नळी याहून जवळ असली तर आणखी जास्त. हात आणि त्वचेसाठी वर्षाची मर्यादा ५०० मिलिसीव्हर्ट आहे. असे सहा सेकंद वर्षात एकशे सहासष्ट वेळा झाले की ती संपते. हेच बोट डिटेक्टरच्या बाजूला असते तर त्याला याच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास मिळाले असते.

यावर उपाय दोन आहेत आणि कोणता शक्य आहे हे यंत्रावर अवलंबून असते. यंत्र पायांच्या बाजूने, दोन पायांच्या मधून सरळ आत आले असेल आणि कमान तिच्या आडव्या दांड्याभोवती दोन्ही दिशांना फिरत असेल, तर नळी आतल्या बाजूला, म्हणजे न दुखावलेल्या पायाकडे आणि डिटेक्टर सर्जनकडे येईल अशी दिशा निवडावी. पाय आड येतो का, डिटेक्टर कापडांना टेकतो का, हे सरावाच्या वेळीच कळते. हे जमत असेल तर ते करावे, कारण डिटेक्टर सर्जन आणि खुबा यांच्यामध्ये आडोशाचेही काम करतो.

ते जमत नसेल तर नळी सर्जनच्या बाजूला येणार हे मान्य करून काम करण्याची पद्धत बदलावी. वायर हलवायची, हात सोडायचा, सगळ्यांनी मागे जायचे, मग एकच चित्र घ्यायचे. वायर, स्लीव्ह आणि जिग हाडात रुतलेले असतात. बहुतेक वेळा हात सोडला म्हणून ते पडत नाहीत. पडत असतील तर लांब दांड्याच्या पकडीने धरावे, म्हणजे हात झोताच्या बाहेर राहतो. मागे जायचे म्हणजे किमान दोन मोठी पावले, आणि शक्यतो नळीच्या मागच्या बाजूला, डोक्याकडे तिरपे. झोत ज्या खुब्यावर पडतो त्याच्या अगदी समोर नव्हे. टेक्निशियनने सगळे मागे गेल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बटण दाबू नये. सर्जनच्या पायाखाली पेडल असेल तर या पायरीला ते टेक्निशियनकडे द्यावे, कारण पेडलवर पाय ठेवून मागे जाता येत नाही.

काही जण नळी वर ठेवून एपी करतात, म्हणजे खालून फिरवल्यावर लॅटरलमध्ये डिटेक्टर सर्जनकडे येतो. लॅटरलपुरता त्यात फायदा आहे, पण एपीची चित्रे संख्येने जास्त असतात आणि त्या प्रत्येक वेळी डोळे व गळा नळीच्या बाजूला येतात. एपीत कधीच मागे न होणाऱ्या चमूसाठी हा सौदा तोट्याचाच ठरतो, म्हणून सवय म्हणून तो करू नये असे माझे मत आहे.

चौथी पायरी: दूरचे लॉकिंग

लांब नेलमध्ये जिग गुडघ्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे भोक सी-आर्मवर पूर्ण गोल दिसेपर्यंत यंत्र जुळवावे लागते. यात वाया जाणारी चित्रे कमी करण्याचा मार्ग म्हणजे भोकाचा आकार वाचणे. नेलवरचे गोल भोक निवडावे. लांबट भोक मुळातच लांबट असल्याने फसवते. गोल भोक नेलच्या लांबीच्या दिशेने अरुंद दिसत असेल, तर झोत डोक्याकडे किंवा पायाकडे तिरपा आहे; यंत्राचे मागचे टोक जमिनीवर थोडे वळवावे. ते नेलच्या रुंदीच्या दिशेने अरुंद दिसत असेल, तर झोत वरून किंवा खालून तिरपा आहे; कमान तिच्या वर्तुळात काही अंश सरकवावी. एका वेळी एकच हालचाल करावी आणि तिच्यानंतर एकच चित्र घ्यावे. चित्रानंतर भोक अधिक अरुंद झाले तर दिशा उलटी होती, एवढे कळायला दुसरे चित्र लागत नाही.

भोक गोल झाले की ते पडद्याच्या मध्यभागी आणावे आणि पाती आवळावीत. त्वचेवरची जागा शोधण्यासाठी लांब पकडीत धरलेले धातूचे टोक वापरावे. बोटाने किंवा हातात धरलेल्या ब्लेडने नव्हे. छेद घेतल्यावर ड्रिल-बिट तिरपे धरून त्याचे टोक भोकाच्या मध्यावर आणावे, एक चित्र घ्यावे, मग टोक न हलवता ड्रिल झोताच्या रेषेत उभे करावे आणि पडदा बंद असताना भोक पाडावे. पहिले कवच पार झाले की ड्रिलचे यंत्र काढून बिट तिथेच ठेवावे, मागे व्हावे आणि पाहावे. बिट भोकात गेले असेल तर ते गोलाच्या आत एक ठिपका म्हणून दिसते.

इथेही बाजूचा प्रश्न आहेच. ड्रिलसाठी नळीच्या बाजूला जास्त मोकळी जागा मिळते, म्हणून अनेकांना नळी स्वतःकडे असणे सोयीचे वाटते. तशी मांडणी ठेवायची असेल तर पडदा चालू ठेवून ड्रिल करायचे नाही, हा नियम एकदाही मोडू नये. गुडघ्याजवळ मांडी बारीक असल्याने खुब्यापेक्षा किरण कमी लागतात, परंतु त्या बाजूला हात थेट न क्षीण झालेल्या झोतात असतो.

अ‍ॅप्रन, गळपट्टी आणि पाठ

अर्धा मिलिमीटर शिशाइतका अ‍ॅप्रन विखुरलेल्या किरणांचा पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाग अडवतो. मात्र तो शरीराच्या ज्या बाजूला आहे तिथलेच किरण अडवतो. सिस्टर ट्रॉलीकडून वस्तू घेण्यासाठी वळतात तेव्हा त्यांची पाठ खुब्याकडे होते. पुढचाच भाग झाकणारा अ‍ॅप्रन घातलेला असेल तर त्या क्षणी त्यांना कसलेही संरक्षण नसते. सतत वळावे लागणाऱ्यांना जॅकेट आणि घागरा असा दोन भागांचा, पाठही झाकणारा अ‍ॅप्रन द्यावा. जॅकेट आणि घागऱ्याचे वजन खांद्यांवर आणि कमरेवर वाटले जाते, हा आणखी एक फायदा.

महिला सर्जन आणि निवासी डॉक्टरांनी अ‍ॅप्रनच्या बाहीची कड पाहावी. पुरुषांच्या मापाच्या अ‍ॅप्रनमध्ये काखेजवळ मोठी फट राहते आणि वायर मारताना हात वर केला, बाजू रुग्णाकडे वळली की स्तनाचा वरचा, बाहेरचा भाग उघडा पडतो. योग्य मापाचा अ‍ॅप्रन किंवा काखेसाठी जोडून घ्यायचे शिशाचे पंख हा यावरचा उपाय आहे. गळपट्टी सैल नसावी. ती गळ्याच्या खळगीत बसली पाहिजे.

अ‍ॅप्रन घडी घालून खुर्चीवर टाकला की आतल्या शिशाच्या थराला घडीवर भेग पडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वर्षातून एकदा तो टेबलावर पसरून सी-आर्मखाली तपासावा. तपासताना यंत्राचे उजेड आपोआप वाढवणे बंद करून किलोव्होल्ट कमी व स्थिर ठेवावेत, नाहीतर यंत्र शिशातून आरपार पाहण्यासाठी जोर लावते. गडद पार्श्वभूमीवर उजळ रेषा किंवा ठिपका दिसला तर तिथे भेग आहे. छाती, गळा किंवा जननेंद्रियाच्या भागावर भेग असेल तर तो अ‍ॅप्रन वापरातून काढावा.

बॅज आणि नोंद

भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, वैद्यकीय एक्स-रे यंत्रांवर नियंत्रण ठेवते. किरणांच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांसाठी त्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आहे आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जायचे नाही. मात्रा मोजणारा टीएलडी बॅज छातीवर, अ‍ॅप्रनच्या आतून लावायचा असतो आणि तीन महिन्यांनी तपासणीसाठी पाठवायचा असतो. आतला बॅज शरीराची मात्रा सांगतो, डोळ्यांची किंवा बोटांची नव्हे. लॉकिंग वारंवार करणाऱ्याने मनगटावरचा वेगळा बॅजही मागून घ्यावा.

बॅजचे आकडे वाचताना दोन गोष्टी तपासाव्यात. अचानक फार मोठा आकडा आला, तर बॅज अ‍ॅप्रनवर लटकलेला राहून ओटीतच, सी-आर्मजवळ टांगला गेला होता का ते पाहावे. महिनोन्महिने शून्य येत असेल आणि माणूस रोज शस्त्रक्रियेत असेल, तर बॅज बहुधा कपाटातच राहतो. गरोदर असल्याचे कळवलेल्या सहकाऱ्यांसाठी उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मात्रा न जाण्याची काळजी घ्यावी लागते; अ‍ॅप्रनच्या आतून पोटावर एक वेगळा बॅज लावून ती पाहता येते आणि लॅटरलच्या वेळी त्यांना दूर जाण्याची मोकळीक असावी.

प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर यंत्रावरचा पडद्याचा वेळ आणि मात्रेचा आकडा नोंदवहीत लिहावा. नुसता वेळ लिहिणे अपुरे आहे, कारण स्थूल रुग्णात एक मिनिट आणि कृश रुग्णात एक मिनिट यांची मात्रा वेगळी असते. काही यंत्रे एकूण मिलिग्रे दाखवतात, काही क्षेत्रफळाशी गुणलेला आकडा दाखवतात. दोन्ही दिसत असतील तर दोन्ही लिहावेत. पाच मिनिटांची घंटा वाजली तर ती टेक्निशियनने मूकपणे बंद न करता मोठ्याने सांगावी, आणि ती कोणत्या पायरीवर वाजली हेही वहीत लिहावे. लांब पीएफएनच्या पंधरा-वीस नोंदी जमल्या की कोणत्या शस्त्रक्रियांत वेळ जास्त गेला ते समोर येते. बहुतेक वेळा तो वेळ लॅटरल पुन्हा शोधण्यात किंवा दूरच्या लॉकिंगमध्ये गेलेला असतो, आणि पुढच्या रुग्णाच्या वेळी जमिनीवरच्या खुणा आणि यंत्राची बाजू आधी तपासायची की भोक जुळवण्याचा क्रम, हे त्यावरून ठरवता येते.